काच पुसणाऱ्याला पैसे कशाला?

लंडनमधलं एक साधं घर, दुपारच्या जेवणाची वेळ. चार वर्षांची व्हायला आलेली रोझी आईबरोबर जेवायला बसली आहे. मघाशी शेजारीण येऊन आईशी काहीतरी बोलून गेली, ते काय होतं हे रोझीला हवं आहे. आई सांगते की खिडक्यांच्या काचा पुसणारा माणूस आला आहे आणि आजूबाजूचे लोक घरात नाहीत, म्हणून सगळ्यांचे पैसे शेजारीणच देते आहे. आईच्या लेखी विषय संपला. रोझीच्या लेखी तो आता सुरू झाला.

लोक घरात का नाहीत, हा पहिला प्रश्न. कामावर गेले असतील, असं आई म्हणते. मग ते वेडेच म्हणायचे, त्यांनी सुट्टी घ्यायला हवी होती, असा रोझीचा निकाल. सुट्टी घेतली तर पैसे मिळत नाहीत, बाबांनाही मिळत नाहीत, असं आई समजावते. रोझी थोडा वेळ गप्प बसते, भलतंच काहीतरी बोलते आणि पुन्हा मूळ पदावर येते. शेजारीण एकटी सगळ्यांचे पैसे कशी भरू शकेल? आणि ती ते पैसे ठेवते तरी कुठे? ठेवत नाही, काम झालं की त्या माणसाच्या हातात देते, असं उत्तर मिळतं. त्यावर रोझी विचारते की मग शेजारीण ते आपल्याला देते का. नाही, असं आई म्हणते. मग काचा पुसणारा आपल्याला देतो का?

इथे आई थबकली असणार. रोझीच्या मनातला पैसा उलट्या दिशेने वाहत होता. कोणी येऊन काचा पुसून जातो आणि जाताना घरवाल्यांच्या हातावर पैसे ठेवतो, असं काहीसं चित्र तिच्या डोक्यात होतं. दुकानदार नोट घेतो आणि मूठभर नाणी परत करतो, हे रोज पाहणाऱ्या मुलीला तसं वाटणं फारसं चमत्कारिक नाही. आई चूक सुधारते: पैसे आपण त्याला द्यायचे. आणि मग सुरू होते ती मालिका, जिच्या धास्तीने जगभरचे आईबाप पोळपाट-लाटण्यापासून वर्तमानपत्रापर्यंत कशाचाही आडोसा शोधतात. का? त्याने आपलं काम केलं म्हणून. पण काचा पुसल्या तर पैसे का? त्याला पैशांची गरज असते म्हणून. का? मुलांना कपडे घ्यायचे असतात, खायला आणायचं असतं.

त्यावर रोझी जे म्हणते ते नीट वाचण्यासारखं आहे. काही काचा पुसणाऱ्यांना मुलंच नसतात, अशी शंका ती काढते. आईने दिलेल्या कारणाला तिने अपवाद शोधून काढला आहे. कारण सगळ्यांना लागू पडत नसेल तर ते कारण पुरेसं नाही, ही वकिली थाटाची हरकत आहे आणि ती घेणाऱ्या व्यक्तीला अजून बुटाची नाडीही धड बांधता येत नसेल. हरकत घेऊन ती थांबत नाही. त्याला स्वतःच्या खाण्यासाठी लागत असतील का, पडद्यांसाठी लागत असतील का, असं म्हणत आईच्या उत्तराला ती स्वतःच डागडुजी करते.

हा संवाद कुणी कादंबरीकाराने रचलेला नाही. बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी लंडनमधल्या तीस मुलींचं बोलणं घरी आणि बालशाळेत ध्वनिमुद्रित केलं होतं. मुली चारच्या आसपासच्या, निम्म्या कामगार कुटुंबांतल्या, निम्म्या मध्यमवर्गीय. त्यांच्या कपड्यांत लहानसा मायक्रोफोन असे. 1984 साली या अभ्यासाचं पुस्तक आलं आणि त्यातला काचवाल्याचा प्रसंग पुढे अनेकांनी वापरला. एकाच कोड्याभोवती फिरत राहणाऱ्या अशा लांबलचक संभाषणांना त्या दोघांनी बौद्धिक शोधाचे प्रसंग म्हटलं. साध्या मराठीत सांगायचं तर, पोर डोकं खात नसतं, डोकं चालवत असतं.

मुलं इतके प्रश्न खरंच विचारतात का, की थकलेल्या पालकांना तसं वाटतं? याची मोजदाद झाली आहे. अमेरिकेतल्या मिशेल शुईनार्ड यांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. चार मुलांच्या, सव्वा वर्षापासून पाच वर्षांपर्यंतच्या संभाषणांच्या जुन्या नोंदी त्यांनी चाळल्या. सुमारे 230 तासांच्या बोलण्यात त्यांना 24,741 प्रश्न सापडले, म्हणजे तासाला शंभराहून अधिक. लक्ष वेधून घ्यायला, काही मागायला किंवा खेळताना विचारलेले प्रश्न वगळले तरी निव्वळ माहिती काढणारे प्रश्न तासाला 76 च्या आसपास उरले. मात्र हा तास मोठ्या माणसाशी बोलण्यात रंगलेल्या मुलाचा तास आहे. दिवसाच्या जागेपणीच्या तासांनी त्याला गुणून छाती दडपवून घेण्यात अर्थ नाही.

या प्रश्नांत सुरुवातीला भरणा असतो तो ‘हे काय?’ आणि ‘ते कुठे?’ यांचा. ‘का’ येतो उशिरा, साधारण अडीच-तीन वर्षांच्या सुमाराला, आणि मग घरात ठाण मांडून बसतो. त्याच्या उशिरा येण्यातच त्याचं मर्म आहे. ‘हे काय?’ विचारायला समोर एखादी वस्तू असली की पुरते. ‘का?’ विचारायला मात्र काय व्हायला हवं होतं याची आधीपासून काही कल्पना असावी लागते.

हा मुद्दा फार पूर्वी एका अशा माणसाने मांडला, ज्याचा पेशा मानसशास्त्राचा नव्हताच. नेथन आयझॅक्स हा लंडनचा धातूंचा व्यापारी. त्याची पत्नी सुझन आयझॅक्स हिने 1924 पासून काही वर्षं केंब्रिजमध्ये माल्टिंग हाउस ही छोटी शाळा चालवली. तिथे मुलांच्या बोलण्याच्या बारीक नोंदी ठेवल्या जात. त्यांवर आधारलेलं सुझनचं पुस्तक 1930 मध्ये निघालं आणि त्याला नेथनने मुलांच्या ‘का’वर एक परिशिष्ट जोडलं. त्याचं म्हणणं असं की सगळं अपेक्षेप्रमाणे चाललेलं असताना मूल ‘का’ विचारत नाही. अपेक्षा एक असते, घडतं दुसरंच, आणि त्या ठेचेतून ‘का’ निघतो. म्हणून मुलाचा ‘का’ ऐकला की त्यामागे एक न बोललेलं वाक्य असतं असं समजावं: मला तर वाटलं होतं की...

कठोपनिषदातला नचिकेताही असाच ठेचकाळलेला मुलगा आहे. वडील यज्ञात सर्वस्व दान करताहेत म्हणे, आणि प्रत्यक्षात देताहेत त्या दूध आटलेल्या, म्हाताऱ्या गाई. दानाविषयी ऐकलेलं आणि डोळ्यांनी दिसलेलं जुळत नाही, तेव्हा तो विचारतो, मला कोणाला देणार? वडील उत्तर देत नाहीत. तो दुसऱ्यांदा विचारतो, तिसऱ्यांदा विचारतो, आणि वैतागलेला बाप त्याला थेट यमाला देऊन मोकळा होतो. पुढचं तत्त्वज्ञान बाजूला ठेवलं तरी प्रसंगाची सुरुवात कुठल्याही घरात संध्याकाळी सात वाजता घडू शकेल अशी आहे. नचिकेताने प्रश्न तीनदा विचारला तो हट्टामुळे की उत्तर न मिळाल्यामुळे? उपनिषदातल्या वडिलांनी हा विचार केला नाही. आजच्या संशोधकांनी केला आहे.

ब्रँडी फ्रेझियर, सुझन गेलमन आणि हेन्री वेलमन यांनी 2009 मध्ये मुलांच्या प्रश्नापेक्षा उत्तरानंतर काय होतं यावर बोट ठेवलं. आधी त्यांनी दोन ते चार वर्षांच्या सहा मुलांची घरातली संभाषणं तपासली. मग तीन ते पाच वर्षांच्या मुलांना मुद्दाम कोड्यात टाकणाऱ्या गोष्टी दाखवल्या. डब्यातले सगळे खडू लालच. गोष्टीतला मुलगा न्याहारीच्या धान्यावर दुधाऐवजी संत्र्याचा रस ओततो. मुलांनी ‘का’ विचारलं की मोठी व्यक्ती कधी खरं कारण सांगे, तर कधी विषयाला धरून पण कारण न सांगणारं काहीतरी बोले.

फरक स्पष्ट दिसला. कारण मिळालं की मुलं मान डोलावत, किंवा त्या उत्तरावर आधारलेला पुढचा प्रश्न विचारत. कारण मिळालं नाही की तोच प्रश्न पुन्हा येई, किंवा मूल स्वतःच एखादं कारण सुचवी. नुसतं बोलणं चालू ठेवायचं असतं, आईचं लक्ष हवं असतं, तर दोन्ही उत्तरांनी सारखंच काम भागलं असतं. तसं झालं नाही. ‘हे पोर ऐकतच नाही, तेच तेच विचारतं’ अशी जी तक्रार असते, तिच्यात अनेकदा तेच विचारण्याचं कारण मागच्या उत्तरात दडलेलं असतं.

घरोघरच्या ठेवणीतल्या उत्तरांकडे या नजरेने पाहिलं तर गंमत वाटते. ‘का म्हणजे? असंच असतं.’ ‘मोठा झालास की कळेल.’ ‘देवबाप्पाने तसं केलंय.’ ‘नाही त्या चौकशा नकोत.’ ही सगळी कारणाच्या जागी ठेवलेली झाकणं आहेत आणि ती झाकणं आहेत हे मुलाला कळतं. फसवं असतं ते वेगळं, कारणासारखं दिसणारं उत्तर. पाऊस का पडतो? आकाशातून पाणी खाली येतं आणि आपण भिजतो, म्हणून पाऊस पडतो. वाक्यात ‘म्हणून’ आहे, सूर समजावणीचा आहे, आणि आत काहीच नाही. प्रश्नच उलटा करून परत दिला आहे. कॅथलिन कॉरिव्हो आणि कॅटलिन कुर्कुल यांनी 2014 मध्ये तीन आणि पाच वर्षांच्या मुलांना दोन माणसं दाखवली, एक अशी गोल गोल उत्तरं देणारा आणि दुसरा खरी कारणं सांगणारा. पुढे नवं काही विचारायचं झालं तेव्हा खरी कारणं सांगणाऱ्याकडे कल दिसला, आणि पाच वर्षांच्या मुलांत तो अधिक ठळक होता. उत्तर देणाऱ्याचीही परीक्षा चालू असते, हे उत्तर देणाऱ्याच्या गावी नसतं.

तरीही एक पेच उरतो. उत्तर खरं असतं, नेमकं असतं, आणि मूल समाधानी होत नाही. इथे शब्दाकडेच पाहावं लागतं.

मराठीत मोठ्यांपाशी या कामाला बरेच शब्द आहेत: कशामुळे, कशासाठी, कशाला. ‘पाऊस कशामुळे पडतो?’ याला उत्तर ढगांचं द्यायचं आणि ‘पाऊस कशासाठी पडतो?’ याला शेतांचं, हे न सांगता कळतं. लहान मूल यातलं काही वापरत बसत नाही. त्याच्यापाशी एकच अक्षर असतं, ‘का’. त्या अक्षरात घडण्याचं कारण, करणाऱ्याचा हेतू, वस्तूचा उपयोग, इतकंच नव्हे तर ‘मला हे मान्य नाही’ असा निषेधही मावतो. कोणत्या ‘का’ला उत्तर हवं हे ऐकणाऱ्याने ओळखायचं.

फ्रेंचमधला ‘पुर्क्वा’ असाच पोटात दोन अर्थ घेऊन वावरतो, आणि त्याचा माग काढला तो ज्याँ पियाजे यांनी. 1923 च्या त्यांच्या पुस्तकात डेल नावाच्या सहा-सात वर्षांच्या एका मुलाचे 1125 प्रश्न आहेत. त्याच्याशी रोज दोन तास बोलणाऱ्या बाईंनी ते दहा महिन्यांत टिपून घेतले होते. एकदा एक गोटी बाईंच्या दिशेने घरंगळत जाते. ती कशाने जाते, असं डेल विचारतो. जमीन उतरती आहे, असं बाई सांगतात. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने उत्तरात खोट नाही. पण डेलचा पुढचा प्रश्न असा की तुम्ही तिथे खाली आहात हे गोटीला माहीत आहे का? बाई उताराबद्दल बोलत होत्या आणि डेल गोटीच्या मनाबद्दल. दोघांच्या वाक्यांची गाठ पडली, अर्थांची पडलीच नाही.

पियाजे यांनी पुढे एक हुशारीची गोष्ट केली. डेलचे काही प्रश्न त्यांनी दुसऱ्या मुलांनाच विचारले. जिनिव्हाजवळ सालेव्ह नावाचा डोंगर आहे, त्याचा एक भाग थोरला आणि एक धाकटा. डोंगर दोन का आहेत? मोठ्या माणसाला यात प्रश्नच दिसत नाही, फार तर तो भूगर्भशास्त्राकडे बोट दाखवील. मुलांचं उत्तर तयार होतं: एक लांबच्या सहलींसाठी आणि एक जवळच्या सहलींसाठी. प्रश्न विचारतानाच मुलाने जग कुणीतरी विचारपूर्वक मांडून ठेवलं आहे असं धरलेलं असतं, आणि त्या मांडणीमागचा विचार त्याला हवा असतो.

हे खूळ लवकर जात नाही. अमेरिकेतल्या डेबोरा केलेमन यांनी 1999 मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांना विचारलं की काही खडक टोकदार का असतात. प्राण्यांना अंग खाजवता यावं म्हणून, या धर्तीची उत्तरं मुलांना अधिक पसंत पडली. आईबापच असं शिकवतात म्हणावं, तर पुढे 2005 मध्ये केलेमन आणि सहकाऱ्यांनी घरातली संभाषणं तपासली तेव्हा पालक बहुधा ‘कशामुळे’चंच उत्तर देताना आढळले. मुलांचे बरेचसे प्रश्न मात्र कुठल्याही बाजूने घेता येतील असे होते. मूल ‘कशासाठी’ विचारतं, पालक ‘कशामुळे’ सांगतात, आणि दोघांनाही आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतो आहोत असं वाटत राहतं.

म्हणून मुलाला काय हवं होतं हे प्रश्नावरून क्वचितच कळतं, ते कळतं उत्तरानंतरच्या हालचालीवरून. शब्द न शब्द तोच प्रश्न परत आला तर उत्तर लागू पडलेलं नाही. मुलाने ‘पण’ असं म्हणत अपवाद काढला तर उत्तर पोचलं आहे आणि तपासलं जात आहे. मूल स्वतःचं कारण पुढे करतं तेव्हा तर सोन्याहून पिवळं, कारण पोटातली अटकळ बाहेर आलेली असते. रोझीने ‘तो आपल्याला पैसे देतो का’ असं विचारलं नसतं तर तिच्या आईला मूळ घोळ कधीच कळला नसता आणि ती मजुरी, बिलं, पेट्रोल यांवर कितीही बोलत बसली असती. हल्ली पालकांना ‘तुला काय वाटतं?’ असं उलट विचारण्याचा सल्ला देतात. तो चांगला आहे, पण दर वेळी तेच केलं की तीही एक पळवाटच होते, आणि ते ओळखायला मुलाला दोन दिवस पुरतात.

आणि सगळेच ‘का’ असे शोधाचे नसतात. ‘आता का झोपायचं?’ यात कुतूहल थोडं आणि तहाची बोलणी जास्त. कधी मूल आधीच्या उत्तराकडे न पाहता लयीत ‘का? का? का?’ म्हणत जातं, डोळे दुसरीकडेच असतात, आणि मध्येच भलतं काही सांगितलं तरी त्याची तक्रार नसते. तो खेळ आहे किंवा सोबत हवी आहे. खरा ‘का’ भलत्या उत्तरावर अडतो.

प्रश्न कोणाला विचारायचे हेही मूल ठरवतं. टिझार्ड आणि ह्यूज यांना सगळ्यात चकित करणारं सापडलं ते हेच. त्या मुली घरी तासाला सरासरी 26 प्रश्न विचारत. त्याच मुली बालशाळेत शिक्षिकांना विचारत अवघे दोन. शाळेत प्रश्न विचारणं हे बाईंचं काम होतं. हा रंग कोणता, ही किती झाली, अशी उत्तरं आधीच ठाऊक असलेले प्रश्न. शिवाय शेजारीण कोण, बाबा शनिवारी कामाला का जातात, हे बाईंना माहीत नव्हतं, त्यामुळे काचवाल्याचं कोडं तिथे मांडायचं तरी कुठून? आईचं शिक्षण किती यापेक्षा आईचं आणि मुलीचं जग एक होतं, याला तिथे महत्त्व होतं.

त्याच न्यायाने, जगभरची सगळी मुलं ‘का’चा असाच मारा करतात हेही गृहीत धरता येत नाही. मेरी गोव्हेन, रॉबर्ट मन्रो आणि हायडी बीब यांनी 2013 मध्ये 1978-79 सालच्या नोंदी पुन्हा उघडल्या. बेलीझमधले गारिफुना, केनियातले लोगोली, नेपाळमधले नेवार आणि अमेरिकन सामोआतले सामोअन अशा चार समाजांतली तीन ते पाच वर्षांची मुलं त्यांत होती. माहिती विचारणारे प्रश्न तिथेही भरपूर होते, पण कारण विचारणारे ‘का’ फारच थोडे. तिथल्या मुलांना कारणांची भूक नव्हती असा याचा अर्थ लावणं घाईचं ठरेल. जिथे मूल दिवसभर मोठ्यांच्या कामात वावरतं तिथे बरंच काही बघून उलगडतं, आणि जिथे मोठ्यांना जाब विचारल्यासारखं बोलणं उद्धटपणाचं मानतात तिथे ‘का’ ओठांवर येत नाही. ‘का’ तोंडाने विचारणं ही कारणं शोधण्याची एक रीत झाली. ‘तोंड वर करून विचारतोस?’ हे वाक्य ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागू नये.

लंडनच्या त्या घरात आई शेवटी जरा सविस्तर बोलली. त्या माणसाला गॅसचं बिल असतं, विजेचं असतं, गाडीत पेट्रोल घालायचं असतं, आणि लोकांच्या, मोठमोठ्या दुकानांच्या काचा पुसूनच तो हे पैसे मिळवतो. रोझीने ऐकून घेतलं. मग तिने एक वाक्य जुळवायला घेतलं, की ज्याला पैसे मिळाले तो मग ते लोकांना देतो. ही तिची जुनीच चूक होती, की पैसा काचवाल्याकडून पुढे दुकानदाराकडे, गॅसवाल्याकडे जातो हे तिला आत्ताच दिसू लागलं होतं, हे त्या अर्ध्या वाक्यावरून ठरवणं कठीण आहे.